वडिलांच्या घरातला भावाचा हिस्सा विकत घेताना: किंमत, हप्ते आणि कागद

आईवडील गेले, घरात एक भाऊ राहतोय आणि दुसऱ्याला त्याचा वाटा पैशात हवाय. सोलापुरातल्या पेठांमध्ये आज ही परिस्थिती घरोघरी दिसते, कारण धाकटी पिढी पुण्याला गेली आणि घर इथंच राहिलं. असा व्यवहार पहिल्यांदाच करणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने पावलं टाकावीत, ते इथे एका उदाहरणातून मांडतो. उदाहरणातले आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत. तुमच्या गल्लीतला भाव तुम्हालाच काढावा लागेल.

घर शुक्रवार पेठेत, जागा १,२०० चौरस फूट, जुनं दुमजली बांधकाम. वडिलांनी ते १९७८ साली स्वतःच्या कमाईतून घेतलं. मृत्युपत्र न करता ते २०१६ मध्ये वारले, आई २०२१ मध्ये गेली. मागे दोन भाऊ आणि एक बहीण. थोरले अण्णा घरात राहतात, धाकटा पुण्यात नोकरीला आहे, अक्का बार्शीला दिली आहे.

आधी हिस्सा किती ते ठरवा

पहिली चूक इथेच होते. दोघे भाऊ बसतात, "अर्धं तुझं, अर्धं माझं" म्हणतात आणि बोलणी सुरू होते. पण हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी आणि विधवा यांना समान वाटा मिळतो. अक्काच्या लग्नात किती खर्च झाला याचा त्या वाट्याशी संबंध नाही. वडील गेले तेव्हा चौघांचा चौथा-चौथा हिस्सा झाला, आई गेल्यावर तिचा हिस्सा तिघांत वाटला गेला. म्हणून आज प्रत्येकाचा एक तृतीयांश आहे. धाकटा अर्धं घर विकूच शकत नाही. अर्ध्याचे पैसे घेऊन तो निघून गेला, तरी अण्णांच्या नावावर कायद्याने त्याचा तिसरा हिस्साच येईल.

घर वडिलांनी घेतलं की आजोबांकडून आलं, हेही आत्ताच तपासा. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत वारसाने आली की ती प्रत्येक भावाची स्वतःची होते आणि त्याच्या एकट्याच्या सहीने विकता येते. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबात चालत आलेलं घर असेल, तर भावाच्या मुलामुलींचाही त्यात जन्माने हक्क असू शकतो. मग सज्ञान मुलांची संमती कागदावर लागते आणि अज्ञान मुलं असतील तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. याचं उत्तर मूळ खरेदीखतात मिळतं. ते घरातल्या ट्रंकेत सापडलं नाही, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढता येते.

त्यानंतर सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे मालमत्ता पत्रक काढा. बऱ्याच घरांच्या उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असतं. आधी नगर भूमापन कार्यालयात मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन तिघांची वारस नोंद करून घ्या, मगच हिस्स्याच्या कागदाकडे वळा. महापालिकेच्या कराच्या पावतीवर अण्णांचं नाव आहे म्हणून घर अण्णांचं होत नाही. ती पावती कर कोण भरतो एवढंच सांगते. उताऱ्यावर 'बोजा'चा रकाना नीट वाचा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घ्या. वडिलांनी कधीकाळी पतसंस्थेकडून तारण कर्ज काढलेलं असतं, ते फिटलेलंही असतं, पण नोंद कमी केलेली नसते.

किंमत कशी काढायची

घराची एकच किंमत नसते, हे दोघा भावांनी आधी समजून घ्यायला हवं. एक सरकारी किंमत, म्हणजे रेडी रेकनरची. ती igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर पेठेनुसार पाहता येते. १ एप्रिल २०२५ च्या दरवाढीत सोलापूर शहराचा दर १०.१७ टक्क्यांनी वाढला, त्या वर्षी राज्यात सर्वाधिक. दुसरी किंमत बाजाराची. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो, भावाभावांतली किंमत त्यावरून ठरवू नये. हमरस्त्यावरच्या घराला तो कमी पडतो, तर रिक्षा न जाणाऱ्या बोळातल्या घराला कधीकधी जास्त होतो.

माझं मत असं की शासनमान्य मूल्यांकनकार दोघांनी मिळून एकच नेमावा आणि त्याची फी निम्मी-निम्मी द्यावी. दोघांनी दोन माणसं आणली की दोन अहवाल येतात आणि भांडण अहवालांचं होतं. नेमण्यापूर्वी दोघांनी व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून ठेवावं की येणारा आकडा मान्य असेल, किंवा त्यात फार तर पाच टक्के इकडे-तिकडे होईल.

आपल्या घराचा हिशेब असा बसला. आसपासच्या तीन-चार अलीकडच्या खरेदीखतांवरून जागेचा भाव चौरस फुटाला ४,००० रुपये धरला, जागेचे झाले ४८ लाख. जुन्या बांधकामाची घसारा वजा जाता किंमत ६ लाख. एकूण ५४ लाख. पण पुढच्या खोलीत एक शिलाईवाला वडिलांच्या काळापासून नाममात्र भाड्याने बसला आहे. भाडे नियंत्रण कायद्यामुळे त्याला उठवणं सोपं नाही आणि भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही. मूल्यांकनकाराने त्यापोटी ६ लाख कमी केले. राहिले ४८ लाख. भाडेकरूचा हा मुद्दा धाकट्याला पटायला वेळ लागतो, कारण पुण्यात बसून तो मोकळ्या घराचे भाव ऐकत असतो. त्याला घरी बोलावून ती खोली आणि भाडेपावत्यांचं पुस्तक दाखवावं. फोनवर हे समजत नाही.

आता अण्णांनी केलेला खर्च. त्यांनी २०२२ मध्ये गळका माळवद काढून स्लॅब टाकला, ३ लाख लागले, बिलं आहेत. त्या स्लॅबमुळे घराची किंमत वाढली आणि तो पैसा एकट्या अण्णांचा होता. म्हणून वाटणीआधी तो बाजूला काढायचा. ४८ मधून ३ गेले, ४५ राहिले, त्याचा तिसरा हिस्सा १५ लाख. घरपट्टी, रंगरंगोटी, नळदुरुस्ती यांचा हिशेब मात्र मांडू नये. अण्णा इतकी वर्षं तिथे बिनभाड्याने राहिले, तेव्हा हे त्यात फिटलं असं मानणं न्याय्य आहे. एकाने घरपट्टीच्या पावत्या काढल्या की दुसरा भाड्याचा हिशेब काढतो, आणि तो संपत नाही.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: "अविभक्त हिस्सा बाहेर कोण घेणार? म्हणून वीस टक्के कमी कर." परक्या माणसाला हिस्सा कमी किमतीत मिळतो हे खरं. राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरात शिरून सोबत राहण्याचा हक्क मिळत नाही, त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. पण अण्णा परके नाहीत. हा हिस्सा घेतल्यावर त्यांच्याकडे दोन तृतीयांश घर आणि पूर्ण ताबा येतो. भावाच्या अडचणीची सूट त्यांनी मागू नये.

त्याच मूल्यांकनकाराकडून १ एप्रिल २००१ रोजीच्या किमतीचा अहवालही घ्या. धाकट्याला हिस्सा विकल्याच्या नफ्यावर आयकर भरावा लागेल आणि २००१ पूर्वीच्या मिळकतीला त्या तारखेची किंमत ही खरेदी किंमत म्हणून धरता येते. समजा, तिसऱ्या हिस्स्याची ती किंमत २ लाख निघाली, तर नफा १३ लाख. त्यावर १२.५ टक्के, म्हणजे १,६२,५०० रुपये आणि वर उपकर. मिळकत २३ जुलै २०२४ पूर्वीची असल्याने महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, त्यात कमी येत असेल तर तेवढाच भरायचा. तो ठरलेल्या मुदतीत नफ्याच्या रकमेतून राहतं घर घेत असेल तर करात सवलत मिळते. हे सगळं आकडा ठरवण्यापूर्वी त्याला माहीत हवं. नाहीतर सहा महिन्यांनी त्याच्या सीएने कर सांगितला की "मला १५ सांगितले आणि हातात १३ आले" हा राग अण्णांवर निघतो.

हक्कसोडपत्र की खरेदीखत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. लोक ऐकतात की भावाभावांत हक्कसोडपत्र पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर होतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ मध्ये जवळच्या नात्यांतल्या हक्कसोडीला नाममात्र शुल्क आहे, पण ते वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल, किंवा कागदात मोबदल्याचा आकडा असेल, तर नोंदणी कार्यालय तो कागद खरेदीखतासारखा धरू शकतं आणि पूर्ण शुल्क मागू शकतं. वर 'हक्कसोडपत्र' असं शीर्षक छापलं म्हणून शुल्क ठरत नाही, आत काय लिहिलंय त्यावरून ठरतं.

शंका असेल तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्यावा. ते शुल्क ठरवून तसं प्रमाणित करून देतात आणि पुढे तूट काढली जाण्याची भीती उरत नाही. आमच्या उदाहरणात तरतूद खरेदीखताच्या दराने करून ठेवलेली बरी. सोलापूर महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक आणि १ टक्का अधिभार, एकूण ६ टक्के. १५ लाखांवर ९०,००० रुपये, शिवाय १ टक्का नोंदणी फी, १५,००० रुपये. रेडी रेकनरने त्या हिस्स्याची किंमत १५ लाखांपेक्षा जास्त येत असेल तर शुल्क त्या जास्त रकमेवर लागतं. हा खर्च अण्णांनी करायचा असं आधीच बोलून घ्यावं.

"विनामोबदला हक्कसोड लिहू, पैसे मागून देतो" हा सल्ला कोणीतरी देतोच. तो ऐकू नका. धाकट्याकडे १५ लाख येणं आहे याचा एकही कागद राहत नाही. अण्णांनी दिले नाहीत तर तो काय दाखवणार? आणि दिले, तर त्याच्या खात्यात आलेल्या १५ लाखांचा खुलासा आयकर खात्याला काय देणार? नुकसान अण्णांचंही आहे. उद्या त्यांनी घर विकलं, तर या हिस्स्याची खरेदी किंमत १५ लाख धरता येणार नाही, जुनीच २ लाख धरली जाईल. मधल्या १३ लाखांवर १२.५ टक्क्यांनी १,६२,५०० रुपये कर वाढेल. ९०,००० वाचवायला जाऊन हे होतं. शिवाय मोबदला न दाखवलेल्या कागदावर बँक कर्ज देणार नाही ते वेगळंच.

पैसे कसे आणि कधी

एकरकमी असेल तर सोपं आहे. नोंदणीच्या दिवशी डिमांड ड्राफ्ट द्या किंवा त्याच सकाळी आरटीजीएस करा, यूटीआर क्रमांक कागदात लिहा आणि मग अंगठे उमटवा. रोख नको. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. "घरचाच मामला आहे" हे कारण तिथे चालत नाही. रक्कम ५० लाखांच्या खाली असल्याने इथे अण्णांना टीडीएस कापावा लागत नाही.

हप्ते असतील तर नीट विचार करा. धाकट्याने आधी अंतिम कागद नोंदवून दिला आणि पुढच्या तारखांचे चेक घेतले, तर चेक परत आला तरी हक्क गेलेलाच असतो. नोंदवलेला कागद त्यामुळे आपोआप रद्द होत नाही, त्याला राहिलेल्या पैशांसाठी दावा करत बसावं लागतं. उलट अण्णांनी पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून दहा लाख देऊन टाकले, तर त्यांच्या नावावर काहीच येत नाही. दोघांनाही सांभाळणारा मार्ग म्हणजे नोंदणीकृत साठेखत आणि शेवटच्या हप्त्याला अंतिम खरेदीखत. अण्णांचा ताबा आधीपासूनच असल्याने साठेखतालाच पूर्ण मुद्रांक शुल्क लागेल असं धरून चाला. ते वाया जात नाही, कारण अंतिम कागदाच्या वेळी भरलेलं शुल्क वजा धरलं जातं.

आपल्या उदाहरणात हप्ते असे पडले: साठेखताच्या दिवशी २ लाख, अण्णांची ठेव सुटल्यावर चौथ्या महिन्यात ५ लाख, आणि आठव्या महिन्यात बँकेचं कर्ज मिळाल्यावर ८ लाख व त्याच दिवशी खरेदीखत. कर्जासाठी बँकेला साठेखत देण्यापूर्वी विचारा की अविभक्त हिस्स्यावर ती कर्ज देते का. काही बँका सगळे सहहिस्सेदार सही करत नाहीत तोवर तारण घेत नाहीत. तसं असेल तर अक्काशी आधी बोला, आठव्या महिन्यात नको.

उशिराचं कलम लिहायला लोक संकोचतात. "भावाला व्याज कसं लावायचं?" पण ते नसलं की उशीर झाल्यावर काय मागायचं हेच ठरत नाही. आमच्या मसुद्यात असं होतं: हप्ता तीस दिवस पुढे गेला तर काही नाही. त्यानंतर ठरल्या तारखेपासून वार्षिक ९ टक्के सरळ व्याज. पाच लाख दोन महिने उशिरा आले तर ७,५०० रुपये. सहा महिन्यांत हप्ता आलाच नाही, तर धाकट्याला साठेखत रद्द करता येईल, मात्र मिळालेली रक्कम त्याने कपात न करता परत द्यायची. आणि धाकटा अंतिम सहीला आला नाही, तर अण्णांना न्यायालयातून कागद करून घेता येईल. दोन्ही बाजूंनी लिहिलं की कुणाला टोचत नाही.

अंतिम कागद आधीच करायची वेळ आली, उदाहरणार्थ धाकटा परदेशी निघाला, तर राहिलेल्या रकमेचा बोजा हिस्स्यावर राहील असं खरेदीखतात स्पष्ट लिहा आणि मालमत्ता पत्रकावर त्याची नोंद घालायला सांगा. पैसे फिटले की बोजा कमी करण्याचा कागद त्यानेच करून द्यायचा.

कागदात काय असावं

वकिलाचा मसुदा हाती आला की चार गोष्टी स्वतः वाचा. घर वडिलांकडे कसं आलं, वडील आणि आई कधी वारले आणि सगळे वारस कोण, हे नावांसह आहे ना. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा उताऱ्याशी जुळतात ना. 'माझा एक तृतीयांश अविभक्त हिस्सा' असं आकड्यात आहे ना, नुसतं 'माझा असेल तो हिस्सा' नको. आणि हक्क कोणाच्या लाभात सोडला ते नाव लिहिलं आहे ना. हे शेवटचं फार महत्त्वाचं. 'इतर सहहिस्सेदारांच्या लाभात' असं मोघम लिहिलं, तर पैसे अण्णांचे आणि हिस्सा अण्णा-अक्का दोघांचा, असा अर्थ निघू शकतो.

अक्काने संमती देणार म्हणून सही करावी. वारसाने मिळालेला हिस्सा कोणी विकत असेल, तर तो आधी घेण्याचा अग्रहक्क कायद्याने इतर वारसांना असतो. तिला किंमत माहीत आहे, हिस्सा घ्यायचा नाही आणि तिचा स्वतःचा एक तृतीयांश कायम आहे, एवढं तिच्या तोंडून कागदावर आलं की पुढे तिच्या मुलांनी प्रश्न काढायला जागा राहत नाही. आणि तिलाही धीर येतो की भावांनी मिळून तिला बाहेर काढलेलं नाही.

नोंदणी आणि नंतर

कागदावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो. मुद्रांक आणि फी ई-चलनाने भरून, माहितीची ऑनलाइन नोंद करून सह दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. दोन्ही भाऊ, अक्का, ओळखीला दोन माणसं, प्रत्येकाचं आधार आणि पॅन. धाकट्याने पुण्याहून स्वतः यावं, मुखत्यारपत्रावर हे काम करू नये.

कागद नोंदवला की सूची क्रमांक दोनची प्रत घ्या आणि नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्या. नोंद झाल्यावर उताऱ्यावर अण्णा दोन तृतीयांश आणि अक्का एक तृतीयांश असं दिसायला हवं. अण्णांचं एकट्याचं नाव आलं, तर अक्काने हरकत घेण्याआधी अण्णांनीच दुरुस्तीचा अर्ज द्यावा. मग महापालिकेच्या मिळकत कर विभागात आणि महावितरणकडे नाव बदला. शिलाईवाल्याला दोन ओळींचं पत्र द्या की यापुढे भाडं कोणाच्या नावे आणि कोणत्या खात्यात भरायचं, आणि त्या पत्रावर त्याची पोच घ्या. त्या भाड्यात अक्काचा तिसरा भाग आहे, तो तिच्या खात्यात दर महिन्याला जाईल अशी सूचना बँकेला त्याच आठवड्यात देऊन टाका.